१४ मात्रा, ‘तिरकिट धिं ना’ आणि ‘तू ना कत्ता’: हा ताल कुठला?

कुळागर (फोंडा)
नमस्कार मंडळी. देवळाच्या सभामंडपात झालेल्या बैठकीचं फोनवर केलेलं ध्वनिमुद्रण आहे, साधारण पावणेदोन मिनिटांचं. मध्यलयीतली बंदिश, साथीला पेटी आणि तबला. मला पेटी येते, तबल्यातलं फारसं कळत नाही. ताल ओळखायचाय, कारण हीच बंदिश पुढच्या महिन्यात आमच्याकडे बसवायची आहे आणि तबलजीला आधी ताल सांगावा लागेल.

हातावर मोजलं. तीनदा १४ आल्या, एकदा १३. बोलांपैकी कानाला नीट लागले ते एवढेच:
एका जागी “तिरकिट धिं ना धिं धिं…” (पुढचं पेटीत बुडतं)
दुसऱ्या जागी “तू ना कत्ता”.
धिं की तिं याची खात्री नाही. शेवटी शेवटी तबलजीने “तिट कत गदि गन धा” असं काहीतरी तीनदा वाजवून सम गाठली. त्यालाही काही नाव असेल तर सांगा.

मांडवीकाठ
एकताल. ‘तू ना कत्ता’ म्हटल्यावर दुसरं काय असणार?
धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना
तुमचं ‘तिरकिट धिं ना धिं धिं’ही यात बसतं बघा. शेवटचं तिरकिट धी ना, आणि समेवरचे धिं धिं. मोजण्यात दोन मात्रा जास्त धरल्यात तुम्ही, बाकी काही नाही.

कुळागर
तीनदा तशीच चूक होईल का पण? एकदा १३, हे मान्य. १२ मात्र एकदाही आले नाहीत.

नवशिका_म्हापसा
तबला काळी एकला लावलाय की पांढरी पाचला? पट्टी कळली तर ताल शोधायला सोपं जाईल असं वाटतं.

आबोली
@नवशिका, पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते. तीच बंदिश तोच ताल धरून काळी एकमध्येही होईल आणि काळी पाचमध्येही. तालाचा शोध घेताना तिचा काही उपयोग नाही.
@कुळागर, मुखडा समेच्या किती आधी उठतो ते पाहिलंत का? आणि १४ मोजताना ‘एक’ कुठे म्हटलात?

कुळागर
मुखड्याचा पहिला शब्द आला की ‘एक’, आणि तोच शब्द परत आला की थांबलो.

आबोली
मग तुमच्या १३चं कारण तिथेच आहे. गाणारा मुखडा दर वेळी एकाच मात्रेवरून उचलेल असं नाही. कधी एक मात्रा अलीकडून उचलतो, कधी मुद्दाम उशिरा घेतो, समेवर मात्र बरोबर येतो. अलीकडून उचलला त्या आवर्तनात तुम्हाला एक मात्रा कमी मिळाली. मुखड्यापासून मोजू नका, तबल्याच्या एखाद्या ठरलेल्या बोलापासून मोजा.

पेडण्याचो_पखवाजी
‘तिट कत गदि गन’ ऐकलंत ना? मग चौताल. धा धा | दिं ता | किट धा | दिं ता | तिट कत | गदि गन. ताल बाराचाच, मांडवीकाठ यांची संख्या बरोबर, नाव चुकलं.
१४च हवे असतील तर धमार. क धि ट धि ट | धा ऽ | ग ति ट | ति ट ता ऽ. पण त्यात तिरकिट नाही आणि कत्ताही नाही, म्हणून धमार मी बाद करतो.

चाट_आणि_शाई
पखवाजीबाब, धमार बाद केलात ते बरोबर. पण चौतालाचं तसं नाही. ‘तिट कत गदि गन’ चौतालाच्या शेवटी येतं, सूलतालाच्या शेवटी येतं आणि तीव्राच्या शेवटीही येतं. म्हणजे बारा, दहा आणि सात अशा तिन्ही ठिकाणी तेच शेपूट. शिवाय इथे ते ठेक्यात आलेलं नाही, शेवटी तीनदा आलंय. त्याचं नंतर बघू. आधी ठेका.

मांडवीकाठ यांचा गोंधळ का होतो तेही बघण्यासारखं आहे. एकतालाशेजारी आडा चौताल ठेवा:

एकताल: धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना
आडा चौताल: धिं तिरकिट धिं ना तू ना क त्ता तिरकिट धिं ना धिं धिं ना

दोन्हींत ‘तू ना क त्ता’ पाचव्यापासून आठव्या मात्रेपर्यंतच आहे, अगदी त्याच जागी. म्हणजे समेपासून मोजत निघालेला माणूस आठ मात्रांपर्यंत निश्चिंतपणे ‘एकताल’ म्हणत जाऊ शकतो. ज्या दोन मात्रा जास्त आहेत त्या सगळ्या कत्ताच्या पुढे आहेत. एकतालात कत्तानंतर चार मात्रा उरतात, आडा चौतालात सहा.

आणि तुम्ही दिलेला तुकडा, ‘तिरकिट धिं ना धिं धिं’, दोन्हींत सापडतो. एकतालात तो समेवरून उडी मारून जातो (तिरकिट धी ना, मग समेचे धिं धिं), आडा चौतालात तो समेच्या आधीच संपतो. तेवढ्या पाच बोलांवरून कोणीही निर्णय देऊ नये. सहावा बोल लागतो. तिथे ‘ना’ असेल तर आडा चौताल, ‘धागे’ असेल तर एकताल. आणि नेमका तोच तुमच्या पेटीने खाल्लाय!

म्हणून दुसरा मार्ग. बोल ओळखू नका, अंतर मोजा. एका तिरकिटपासून पुढच्या तिरकिटपर्यंत किती मात्रा होतात?
एकतालात तिरकिट चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर, म्हणजे दर सहा मात्रांनी.
आडा चौतालात दुसऱ्या आणि नवव्यावर, म्हणजे दर सात.
तिलवाड्यात दुसऱ्या आणि दहाव्यावर, दर आठ.
झुमऱ्यात तिसऱ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्यावर. म्हणजे अंतर चार, तीन, चार, तीन असं लंगडत जातं.

यासाठी सम माहीत असायची गरज नाही, मुखड्याची नाही, गाण्याचे शब्दही कळायला नकोत. तिरकिटचा तो चुरचुरीत आवाज पेटीतून आणि टाळ्यांतूनही कापत बाहेर येतो. फोनच्या प्लेअरमध्ये सेकंद बघत चार तिरकिट लिहून काढा आणि इथे टाका. शेजारच्या दोन सुट्या मात्रांमधलं अंतरही, म्हणजे ‘धिं धिं’च्या दोन ठोक्यांमधलं.

मांडवीकाठ
एवढं कशाला? खाली-भरी ऐकली की झालं. बायां कुठे बंद होतो ते पाहायचं.

चाट_आणि_शाई
समोर बसून ऐकताना तुमचंच खरं. पण हे फोनचं ध्वनिमुद्रण आहे आणि बहुधा फोनच्याच स्पीकरवर ऐकलेलं. त्या एवढ्याशा स्पीकरला बायांचा खर्ज झेपत नाही, त्यामुळे धाचा ता होतो आणि धिंचा तिं. सगळा ठेका खालीत असल्यासारखा वाटतो. कुळागर यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की धिं की तिं कळत नाही. त्यांच्या कानाचा दोष नाही तो. हेडफोन लावून ऐका, निम्मे धिं परत मिळतील.

सत्तरीकर
मला तर वर्णनावरून रूपक वाटतोय. धिंचं तिं करून वाचा, ‘तिं तिं ना’ मिळतं. रूपक सात मात्रांचा, त्याची दोन आवर्तनं म्हणजे १४. जमतंय की.

चाट_आणि_शाई
हा सापळा चांगला पकडलात, सत्तरीकर, पण त्यात अडकलात. आडा चौतालाचं शेवटचं ‘धिं धिं ना’ बायांशिवाय ऐकलं तर हुबेहूब रूपकाच्या सुरुवातीचं ‘तिं तिं ना’. फरक असा की रूपकात ते दर सात मात्रांनी येईल आणि आडा चौतालात चौदा मात्रांत एकदाच. शिवाय रूपकाच्या साध्या ठेक्यात (तिं तिं ना | धी ना | धी ना) ना तिरकिट आहे ना कत्ता. वाजवणारा भरून तिरकिट घालेलही, पण कत्ता त्याच त्या जागी प्रत्येक वेळी घालत बसणार नाही.

कुळागर
हेडफोन लावून बसलो. तिरकिटची सुरुवात जिथे ऐकू येते ते सेकंद:
१२.०
१७.२
२२.५
२७.७
‘धिं धिं’च्या दोन ठोक्यांमध्ये पाऊण सेकंद, थोडं इकडेतिकडे.

चाट_आणि_शाई
आता बघा. अंतरं ५.२, ५.३, ५.२. पाऊण सेकंदाची मात्रा धरली तर सात मात्रा ५.२५ सेकंदांत होतात. सहा मात्रा साडेचार सेकंदांतच संपल्या असत्या. पाऊण सेकंदाचा फरक कान चुकून धरेल इतका लहान नाही, त्यामुळे एकताल गेला. आठ धरल्या तर सहा सेकंद व्हायला हवे होते, म्हणून तिलवाडाही गेला. अंतरं सारखी आहेत, लंगडत नाहीत, म्हणून झुमराही गेला.

पण एवढ्यावर थांबू नका. दर सात मात्रांनी तिरकिट आहे एवढंच आपल्याला कळलं. आवर्तन सातचं की चौदाचं हे तिरकिट सांगत नाही, कारण ते दोन्ही अर्ध्यांत येतं. त्यासाठी तिरकिटच्या पाठोपाठ काय येतं ते बघा. एका तिरकिटनंतर ‘धिं ना तू ना’ आणि पुढच्यानंतर ‘धिं ना धिं धिं ना’, असं आलटून पालटून येतं का?

कुळागर
हो! १२.० आणि २२.५च्या नंतर तू ऐकू येतो. १७.२ आणि २७.७च्या नंतर धिं धिं. म्हणजे तू साडेदहा सेकंदांनी परत येतो.

चाट_आणि_शाई
साडेदहा सेकंद म्हणजे पाऊण सेकंदाच्या चौदा मात्रा. आडा चौताल. तुमची तीन वेळची १४ बरोबर होती.

तू लक्षात ठेवा. एकताल असो की आडा चौताल, तू आवर्तनात एकदाच येतो, म्हणून तूपासून तूपर्यंत मोजलं की पूर्ण आवर्तन मिळतं. मग सुरुवातीलाच तू का नाही मोजायला सांगितला? तर तू मऊ असतो. तर्जनी शाईवर पडते आणि लगेच उचलली जाते, अनामिका मोकळी, त्यामुळे तो घुमतो पण टोचत नाही. पेटीचा स्वर जवळपास असला की त्यात मिसळून जातो. तिरकिट कोरडं आणि खडखडीत, ते हरवत नाही. आधी तिरकिटने अर्धं आवर्तन पक्कं करायचं आणि मग नेमक्या जागी तू शोधायचा. कुठे ऐकायचं ते माहीत झालं की तो सापडतो.

आबोली
एक भर घालते. लय चढली की तिरकिटचे चारही बोल सुटे वाजत नाहीत, त्याचं ‘त्रक’ होतं. काही जण मध्यलयीतही आडा चौताल ‘धिं त्रक धी ना तू ना क त्ता त्रक धी ना धी धी ना’ असाच म्हणतात. त्यामुळे ध्वनिमुद्रणात चार अक्षरं मोजायला गेलात आणि दोनच सापडली तर ताल बदलला असं समजू नका. जागा तीच राहते, दुसरी आणि नववी.

पेडण्याचो_पखवाजी
आडा चौताल मान्य. पण माझं मत आहे की ताल बोलांनी ओळखूच नये. ताल म्हणजे टाळी आणि खाली. आडा चौतालाला टाळ्या चार, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या मात्रेवर. खाली तीन, पाचव्या, नवव्या, तेराव्यावर. ठेका घराण्यागणिक बदलतो, वाजवणाराही भरतो. टाळी बदलत नाही.

चाट_आणि_शाई
टाळी हाताने द्यायची गोष्ट आहे, ती ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. श्रोत्यांत कोणी हातावर ताल देत असेल आणि तुम्ही समोर असाल तर तुमचा मार्ग सरळ. इथे आपल्याकडे दोन-चार बोल आणि घड्याळ एवढंच आहे. आणि आडा चौतालाची गंमतच बघा, नवव्या मात्रेवर खाली आहे पण बायां त्याच्याही कितीतरी आधीपासून गप्प असतो. चौथ्यापासून नवव्यापर्यंत घुमारा नाहीच, ‘क’ सुद्धा कोरडी थाप. दहाव्यावर धिंबरोबर तो परत येतो. बायांवरून खालीच्या जागा शोधायला गेलात तर तीनही चुकतील. यावर आपलं एकमत होईल असं मला वाटत नाही :)

पेडण्याचो_पखवाजी
होणार नाही.

घुमटकार
आमची गोष्ट वेगळी आहे, इथेच विचारतो. चवथीच्या आरत्यांत घुमट, शामेळ आणि कांसाळें असतं. त्यातल्या एका आरतीत सात मोजतो. तो रूपक म्हणायचा का?

चाट_आणि_शाई
सात मोजले म्हणून लगेच रूपक म्हणू नका. रूपकाची खूण अशी की समच खाली आहे. तिं तिं ना या पहिल्या तीन मात्रांत बायां नाही, तो चौथ्यावर येतो. दर सात मात्रांनी तीन मात्रांची ही पोकळी जाणवायला हवी. दीपचंदी जलद वाजली की तीही सातासारखी मोजली जाते, पण तिच्यात बायां सहाव्या मात्रेला सुटतो आणि अकराव्याला परत येतो, म्हणजे पोकळी चौदांत एकदाच, आणि लांब.

घुमटावर हे लावणं अवघड. तिथे दायां-बायां अशी फोड नाही. एक हात चामड्यावर आणि दुसऱ्या हाताने मागचं तोंड कमीजास्त झाकून आवाज खालीवर करायचा, त्यामुळे घुमारा बंद-मोकळा करण्याची रीतच वेगळी. शामेळाच्या काठीचे जोरदार ठोके कुठे पडतात ते सांगा. तीन-दोन-दोन पडतात की तीन-चार?

घुमटकार
तीन-चार वाटतं. पण शामेळवालो दर खेपेक सारकें वाजयना.

चाट_आणि_शाई
मग मी नाव देणार नाही. तीन-चार असेल तर ते दीपचंदीच्या अर्ध्यासारखं आहे एवढंच म्हणता येईल. आरतीच्या वाजवण्याला तबल्यातलं नाव चिकटवायलाच हवं असंही नाही. तिथल्या वाजवणाऱ्यांचं त्याला स्वतःचं नाव असेल, ते आधी विचारा.

सत्तरीकर
ठेक्याचं झालं. ते ‘तिट कत गदि गन धा’ तीनदा म्हणजे चक्रदार ना?

मांडवीकाठ
हो, तीनदा आलं म्हणजे चक्रदार.

आबोली
नाही हो. तीनदा आलं म्हणजे तिहाई. चक्रदारात आख्खा तुकडाच तीनदा येतो, आणि त्या तुकड्याच्या पोटात बहुतेक वेळा आपली एक तिहाई असते. म्हणजे शेवटाकडचे धा मोजले तर नऊ निघतात. कुळागर, तुमच्याकडे किती धा आहेत?

कुळागर
तीनच. एका धापासून दुसऱ्या धापर्यंत पावणेचार सेकंद, दोन्ही वेळा. धा वाजला की लगेच पुढचं तिट येतं, मध्ये थांबत नाही.

चाट_आणि_शाई
पावणेचार सेकंद म्हणजे पाच मात्रा. तिट, कत, गदि, गन, धा, प्रत्येकाला एक मात्रा. मध्ये थांबत नाही म्हणता, म्हणजे बेदम तिहाई. पाच त्रिक पंधरा. पंधरावी मात्रा म्हणजे चौदाच्या आवर्तनात पुढची सम. याचा अर्थ तबलजीने समेवरून उठून नेमकं एक आवर्तन भरलं आणि शेवटचा धा समेवर टाकला. पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा दहाव्यावर, तिसरा समेवर.

तिहाईवरून ताल ओळखता येतो का, तर नुसत्या बोलांवरून नाही. हीच पंधरा मात्रांची बेदम तिहाई तीनतालात तिसऱ्या मात्रेवरून उचलली की समेवर पोचते. एकतालात ती आधीच्या आवर्तनाच्या अकराव्या मात्रेवरून उचलावी लागेल. तीनतालात समेवरूनच उठायचं असेल तर दोन्ही धांच्या पुढे एकेका मात्रेचा दम द्यायचा, म्हणजे सतरा होतात. बोल तेच, उचल वेगळी. म्हणून ‘तिट कत गदि गन धा तीनदा’ एवढं सांगून कोणी ताल विचारला तर उत्तर नाही. कुठून उठली आणि मध्ये दम किती, ही दोन माहिती हवीच.

तुमच्याकडे पडताळा करायला सोपी जागा आहे. शेवटच्या धानंतर ठेका परत सुरू झाला असेल. तो धा खरंच समेवर असेल तर त्याच्या पुढच्याच मात्रेला तिरकिट यायला हवं, कारण आडा चौतालात ते दुसऱ्या मात्रेवर आहे. एकताल असता तर समेनंतर तिसऱ्या ठोक्याला, म्हणजे चौथ्या मात्रेवर आलं असतं.

कुळागर
आत्ताच ऐकलं. धा, आणि लगेच तिरकिट. मध्ये काही नाही.

मांडवीकाठ
ठीक आहे, एकताल मागे घेतो. पण लयीत असताना पहिले आठ सारखेच लागतात हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा.

कुळागर
देव बरें करूं सगळ्यांक. अजून एक तुकडा आहे, त्याच बैठकीच्या सुरुवातीचा, विलंबित. वीस-एक सेकंदांचाच आहे. त्यात एकदाच तिरकिट सापडतं, आणि तेही फार सावकाश. ती, र, की, ट असं सुटं सुटं, प्रत्येकाला जवळजवळ एक सेकंद. त्याच्या आधी दोन मोठे ठोके. हा कुठला?

आबोली
सुटं तिरकिट म्हणजे चार मात्रा समजू नका. विलंबितात एकच मात्रा चार सेकंदांची झालीय आणि तिरकिट तिच्या पोटात पसरलंय.

चाट_आणि_शाई
आबोली म्हणतात तसंच. चार सेकंदांची मात्रा धरली तर वीस सेकंदांत जेमतेम पाच मात्रा. एकताल असला तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं आणि दोन तिरकिटांमध्ये २४ सेकंद. तुमच्या तुकड्यात दुसरं तिरकिट यायलाच जागा नाही, म्हणून अंतर मोजता येत नाही. त्याच्या आधीचे ते दोन मोठे ठोके म्हणजे एकतालातला धागे असू शकतो, प्रत्येकी अर्धी मात्रा, म्हणजे दोन-दोन सेकंद. झुमऱ्यातही तिरकिटच्या आधी दोन ठिकाणी धागे आहे. तिलवाडा नसावा, त्यात तिरकिटच्या आधी धा किंवा ता एकटा येतो आणि पूर्ण मात्रा घेतो. ते दोन ठोके तिरकिटपासून किती सेकंद आधी पडतात आणि तिरकिटच्या पुढचा बोल कोणता, एवढं सांगता येईल का?

कुळागर
पुढचा बोल गाणाऱ्याच्या आलापाखाली गेलाय. ठोके दोन्ही मिळून चारेक सेकंद घेतात.

चाट_आणि_शाई
म्हणजे धागे असण्याकडे कल आहे, पण पुढे ‘तू’ आहे की ‘धी’ की ‘तिं’ हे कळल्याशिवाय एकताल की झुमरा ते सांगता येणार नाही. बैठकीला दुसऱ्या कोणाचा फोन चालू असेल तर निदान सलग पाऊण मिनिटाचा तुकडा मागून घ्या. आणि पुढच्या वेळी फोन पेटीजवळ ठेवू नका. तबल्याच्या उजवीकडे, दायांच्या बाजूला हातभर अंतरावर, खाली टॉवेल घालून ठेवा. तसाच फरशीवर ठेवलात तर बायांची थाप फरशीतून धडधडत येते आणि बाकी सगळं झाकून टाकते.

कुळागर
पेटीवाल्याच्या पुतण्याने पूर्ण बैठक घेतली होती असं कळलंय. मिळाली की याच धाग्यावर सेकंद टाकतो.